न जुळणारा अंक

करीमनगर जिल्ह्यात लक्ष्मीपूरला जमिनीखाली एक पंपगृह आहे. कालेश्वरम उपसा सिंचन योजनेच्या आठव्या पॅकेजमधलं हे काम. तिथे सात पंप आहेत आणि प्रत्येकाला १३९ मेगावॅटची मोटार आहे. ही यंत्रं भेलची. त्यांतला पहिला पंप ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यावर चालवून पाहिला गेला. गोदावरी मेडिगड्ड्यापाशी, म्हणजे आपल्या सिरोंचाच्या समोरच्या काठाला, समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटरवर असते, आणि हैदराबादच्या उत्तरेचा कोंडपोचम्मा सागर सहाशे मीटरच्याही वर. मधली चढण टप्प्याटप्प्याने पंपांनीच चढायची. एवढा मोठा पंप कारखान्यात चालवून बघता येत नाही. एका पंपाला शंभर मेगावॅटहून जास्त वीज आणि सेकंदाला नव्वद घनमीटर पाणी देईल असा टेस्ट बेड कुठल्याच कारखान्यात नसतो. म्हणून त्याची दहा-पंधरा पटींनी लहान प्रतिकृती करतात, ती प्रयोगशाळेत चालवतात आणि तिच्या आकड्यांवर कोट्यवधींची हमी घेतात. हैदराबादमध्ये पंपांच्या कामात राहून या चाचण्यांचे अहवाल वाचायचे म्हटलं की एक प्रश्न कायम समोर येतो: लहान पंप चांगला चालला म्हणून मोठाही तसाच चालेल, हे कशावरून? बहुतेकदा उत्तर मिळतं की मॉडेल हुबेहूब आहे म्हणून. हे उत्तर मला चुकीचं वाटतं. मॉडेल कधीच हुबेहूब नसतं. पाण्याशी संबंधित प्रत्येक मॉडेलमध्ये निदान एक अंक मुद्दाम न जुळवता सोडलेला असतो. मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो या सोडलेल्या अंकाचा हिशेब कोणी, कसा आणि किती उघडपणे मांडला आहे, ते बघून.

हा अंक कुठून येतो ते समजायला थोडं मागे जावं लागतं. पंपाची कामगिरी कशाकशावर अवलंबून असते ते मोजू. सेकंदाला किती पाणी जातं, ते Q. किती उंचीइतकी ऊर्जा त्याला मिळते, ते gH. इंपेलरचा व्यास D, फिरण्याचा वेग N, पाण्याची घनता आणि पाण्याचा चिकटपणा. एकूण सहा राशी. त्या सगळ्या लांबी, वेळ आणि वस्तुमान या तीनच मापांत बसतात. एडगर बकिंगहॅम यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सहातून तीन वजा केले की तीन एकक नसलेले अंक उरतात, आणि त्या सहा राशींमधला संबंध कितीही गुंतागुंतीचा असला तरी तो या तीन अंकांमधला संबंध म्हणूनच लिहिता येतो. आपल्या पंपासाठी पहिला अंक Q/ND³, दुसरा gH/N²D² आणि तिसरा रेनॉल्ड्स अंक. रेनॉल्ड्स अंक म्हणजे पाण्याच्या वेगाचा जोर त्याच्या चिकटपणाला किती भारी पडतो याचं माप. पंप मीटरमध्ये मोजा की फुटात, हे अंक बदलत नाहीत, आणि त्यातच सगळं बळ आहे. आकाराने सारख्या दोन पंपांत पहिला आणि तिसरा अंक सारखा ठेवला, तर दुसऱ्याला वेगळं होण्याची मुभाच उरत नाही. हे सिद्धांताने मिळतं, त्याला प्रयोग लागत नाही. प्रयोग लागतो तो त्या संबंधाचं प्रत्यक्ष रूप शोधायला, म्हणजे पाणी वाढलं की हेड किती उतरतं, ते बघायला.

आता हे आकड्यांत बघू. लक्ष्मीपूरच्या मापाच्या आसपासचा, हिशेबाला सोपा असा एक पंप धरतो: नव्वद घनमीटर पाणी, ११५ मीटर हेड, साडेचार मीटर व्यासाचं इंपेलर आणि २१४ आरपीएम. पन्नास हर्ट्झवर अठ्ठावीस पोलची सिंक्रोनस मोटार इतक्याच वेगाने फिरते, त्यामुळे हा वेग मनाने बदलता येत नाही. मॉडेल दहा पटींनी लहान, म्हणजे इंपेलर ४५ सेंटिमीटरचं. ते एक हजार आरपीएमने फिरवू. आता इंपेलरच्या कडेचा वेग खऱ्या पंपात सेकंदाला पन्नास मीटर आहे, तर मॉडेलमध्ये साडेतेवीस मीटर. गुणोत्तर ०.४७. हेड वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून मॉडेलमध्ये ते पंचवीस मीटर यायला हवं. पाणी N आणि D³ च्या प्रमाणात, म्हणून सेकंदाला ४२० लिटर. पाण्याला प्रत्यक्ष मिळणारी शक्ती खऱ्या पंपात सुमारे १०१ मेगावॅट, मॉडेलमध्ये फक्त १०३ किलोवॅट. एवढी शक्ती चांगल्या प्रयोगशाळेच्या मोटारीच्या सहज आवाक्यात आहे. व्यास दहापट कमी झाला आणि शक्ती हजारपट कमी झाली, तरी पहिला अंक जसाच्या तसा राहिला.

पण रेनॉल्ड्स अंक राहिला नाही. कडेचा वेग गुणिले व्यास भागिले पाण्याचा चिकटपणा, असा हिशेब केला की खऱ्या पंपाचा अंक साधारण तेवीस कोटी येतो आणि मॉडेलचा एक कोटीच्या थोडा वर. एकवीस पटींचा फरक. तो बुजवायचा म्हटलं तर मॉडेलचा वेग खऱ्या पंपाच्या शंभरपट ठेवावा लागेल, म्हणजे एकवीस हजार आरपीएमहून जास्त. कडेचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या वर जाईल आणि हेड अकरा हजार पाचशे मीटर. असं इंपेलर फुटून जाईल, आणि न फुटता राहिलं तरी त्याला चालवायची मोटार खऱ्या पंपाच्या मोटारीहून लहान राहणार नाही. पाण्याऐवजी दुसरा द्रव घ्यावा म्हटलं, तर एकवीसपट पातळ असा कुठलाही सोयीचा द्रव मिळत नाही. म्हणजे हा अंक जुळतच नाही, आणि जुळणार नाही हे आधीपासून ठाऊक असतं. मॉडेल-चाचणीचं खरं शास्त्र इथून पुढे सुरू होतं.

चिकटपणाचा परिणाम कुठे होतो? पात्यांच्या, केसिंगच्या आणि इंपेलरच्या बाहेरच्या तबकड्यांच्या पृष्ठभागावर पाणी घासतं तिथे. रेनॉल्ड्स अंक वाढला की हे घर्षण प्रमाणाने कमी होतं, म्हणून मोठा पंप लहानापेक्षा जरा जास्त कार्यक्षम निघतो. पाणी पात्यावर चुकीच्या कोनातून आदळल्यामुळे, किंवा केसिंगमध्ये भोवरे झाल्यामुळे होणारं नुकसान मात्र रेनॉल्ड्स अंकाकडे फारसं बघत नाही. आयईसी ६०१९३ हे मॉडेल-चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक याच भेदावर उभं आहे. ते नुकसानाचे दोन भाग धरतं, एक बदलणारा आणि एक न बदलणारा. पंपासाठी बदलणारा भाग साठ टक्के धरला जातो, आणि हा भाग रेनॉल्ड्स अंकाच्या ०.१६ या घाताने कमी होतो असं मानलं जातं. आपल्या पंपाचं मॉडेल ९१ टक्के कार्यक्षम निघालं असं समजू. मानकाच्या सूत्रात दोन्ही रेनॉल्ड्स अंक घातले की वाढ येते जवळजवळ दोन टक्के, म्हणजे खरा पंप ९३ टक्के. ही दोन टक्क्यांची भर प्रयोगशाळेत कोणी मोजलेली नसते. ती हिशेबाने घातलेली असते.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ९१ आणि ९३ मधला फरक एका पंपाला जवळजवळ अडीच मेगावॅट, सात पंपांना सतरा मेगावॅटच्या आसपास. सातही पंप चोवीस तास चालले, तर दिवसाला चार लाख युनिट. विजेचा दर ज्याने त्याने आपापला लावावा. एवढी रक्कम एका सूत्रातल्या ०.१६ या घातावर आणि साठ टक्के या ठरावीक वाट्यावर उभी राहते. म्हणून पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो रास्त आहे: ही तर पुरवठादाराला फुकटची देणगी झाली, त्याने मॉडेलमध्ये जे सिद्ध केलं नाही ते त्याच्या खात्यात जमा झालं. माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिलं असं की भर घालायला सूत्र कोणतं, वाटा किती आणि पाण्याचं तापमान किती धरायचं, हे निविदेतच लिहिलेलं असायला हवं. तापमानाला पुष्कळ कमी लेखलं जातं. वीस अंशांवरून तीस अंशांवर गेलं की पाण्याचा चिकटपणा वीस टक्क्यांनी उतरतो, आणि तेलंगणातल्या मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या खाली क्वचितच असतं. चाचणी संपल्यावर सूत्राची चर्चा सुरू झाली, तर ती वाटाघाट होते, हिशेब राहत नाही.

दुसरं उत्तर प्रत्यक्ष मोजण्याचं. पंप बसल्यावर त्याची कार्यक्षमता जागेवर मोजता येते, आणि शंभर मीटरहून जास्त हेडच्या यंत्रांना एक अतिशय सुंदर पद्धत लागू पडते, ती तापमानाची. पंपात वाया गेलेली ऊर्जा पाणी गरम करण्यात जाते. त्यामुळे पाण्याचं तापमान इनलेटला आणि आउटलेटला मोजलं, दाबासाठीची दुरुस्ती केली, की प्रवाह किती आहे ते न मोजताही कार्यक्षमता निघते. नव्वद घनमीटर पाणी अचूक मोजणं फार कठीण, म्हणून ही पद्धत मोलाची. पण तिची कसोटी बघा. ११५ मीटर हेडइतकी सगळी ऊर्जा उष्णतेत गेली, तरी पाणी जेमतेम पाव अंशाने तापेल. ९३ टक्के कार्यक्षम पंपात वाया गेलेल्या ऊर्जेने होणारी वाढ एका अंशाचा पन्नासावा भाग. आणि ज्या दोन टक्क्यांवर आपण भांडतोय, त्यांचा तापमानातला फरक एका अंशाच्या हजार भागांपैकी सहा-सात. थर्मामीटर, पाण्याचा नमुना काढायची नळी, तिचं इन्सुलेशन, सगळं या मापाचं लागतं. हवा पाण्यापेक्षा दहा अंश गरम असेल आणि नळीचा एक तुकडा उघडा राहिला, तर आख्खी चाचणी वाया जाते. एवढं कष्टाचं काम असल्यामुळेच ते टाळलं जातं, आणि टाळलं की सूत्र हेच शेवटचं सत्य होऊन बसतं.

सूत्र बरोबर वागतंय का याची एक खूण मात्र मॉडेलच्या आतच मिळते, आणि अहवाल हातात आला की आधी तीच शोधावी. मॉडेल फक्त हजार आरपीएमला चालवायचं नाही. आठशेला आणि बाराशेलाही चालवायचं. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत पाणी, हेड आणि शाफ्टवरचा टॉर्क टिपायचा आणि सगळे बिंदू एकक नसलेल्या अंकांत काढून एकाच आलेखावर मांडायचे. मिती-विश्लेषण खरं असेल, तर तिन्ही वेगांचे हेडचे बिंदू एका रेषेवर पडायला हवेत, आणि कार्यक्षमतेचे बिंदू वेगाबरोबर अगदी थोडे, पण क्रमाने वर सरकायला हवेत. किती वर, तेही त्याच सूत्राने सांगता येतं. क्रम बिघडला की शोध सुरू करायचा. टॉर्क मोजणाऱ्या शाफ्टचा शून्य सरकला असेल. बेअरिंगचं घर्षण वजा करायचं राहिलं असेल. किंवा वेअर रिंगची फट नकाशाप्रमाणे नसेल, आणि हे कारण अनेकदा खरं ठरतं. खऱ्या पंपात ही फट अडीच मिलिमीटर असेल, तर मॉडेलमध्ये ती पाव मिलिमीटर हवी. ती ०.४ झाली, तर दाबाखालचं पाणी तिथून मागे गळतं आणि मॉडेल उगाच वाईट दिसतं, ०.१५ केली, तर उगाच चांगलं. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर, साक्षीदारांसमोर, फिलर गेजने ती चारही बाजूंनी मोजायची असते. पृष्ठभागाचंही तसंच. मॉडेलचं इंपेलर हाताने पॉलिश केलेलं असतं. खऱ्या पंपाच्या कास्टिंगवर तेवढीच झिलाई दहा पटींच्या प्रमाणात ठेवली आहे का, हे कारखान्यात जाऊन बघावं लागतं. मानकातलं सूत्र दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आहेत असं धरून चालतं. गोदावरीची रेती चार पावसाळे पात्यांवरून गेल्यावर ते गृहीत टिकत नाही, आणि त्याबद्दल मॉडेल काहीच सांगत नाही.

कॅव्हिटेशनच्या चाचणीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. तिथे जुळवायचा अंक आहे सिग्मा, म्हणजे इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होण्याआधी शिल्लक असलेला दाब भागिले हेड. आपल्या पंपासाठी तो ०.२ धरला, तर शिल्लक दाब तेवीस मीटर पाण्याइतका हवा. त्यातला साडेनऊ मीटर हवेच्या दाबातून मिळतो, उरलेल्यासाठी इंपेलर पाण्याच्या पातळीखाली तेरा-चौदा मीटर बसवावं लागतं. असली पंपगृहं इतकी खोल का खणली जातात, याचं एक मोठं कारण हेच. मॉडेलचं हेड पंचवीस मीटर, म्हणून तिथे शिल्लक दाब फक्त पाच मीटर असायला हवा. तो हवेच्या दाबाहून कमी आहे, त्यामुळे चाचणीची टाकी बंद करून व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ओढून घ्यावी लागते. मग पारदर्शक पाइपमधून स्ट्रोबच्या उजेडात बघितलं की पात्याच्या पुढच्या कडेवर बुडबुडे कुठून सुरू होतात ते स्थिर चित्रासारखं दिसतं. हा भाग मनापासून बघण्यासारखा आहे. पण बुडबुडा जन्मायला पाण्यात विरघळलेली हवा आणि सूक्ष्म कण लागतात, आणि ते दहा पटींनी लहान होत नाहीत. व्हॅक्यूममध्ये बराच वेळ फिरवलेलं पाणी हवा गमावून बसतं आणि त्यात बुडबुडे उशिरा येतात. म्हणून पाण्यातल्या हवेचं प्रमाण नोंदवलेलं नसेल, तर कॅव्हिटेशनच्या अहवालाला मी अर्धाच अहवाल मानतो.

आता याच पंपगृहाच्या दुसऱ्या मॉडेलकडे येऊ. पंपाकडे पाणी नेणारा कालवा, बोगदा, सर्ज पूल किंवा संप, यांचंही मॉडेल करतात. हैदराबादच्या हिमायतसागरला राज्याची अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळा आहे, पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मोकळ्या पाण्याची मॉडेलं हे अशा प्रयोगशाळांचं रोजचं काम. तिथे पाण्याचा पृष्ठभाग उघडा असतो, लाटा आणि भोवरे गुरुत्वाकर्षणाने ठरतात, म्हणून जुळवायचा अंक रेनॉल्ड्स नव्हे, पंपाचा पहिला अंकही नव्हे. तो फ्रूड अंक. मॉडेल सोळा पटींनी लहान केलं, तर वेग चारपट कमी ठेवायचा आणि प्रवाह १०२४ पटींनी कमी. आपले नव्वद घनमीटर होतात सेकंदाला ८८ लिटर. म्हणजे एकाच पंपातून जाणाऱ्या एकाच पाण्याची दोन मॉडेलं, आणि दोघांचे नियम वेगळे. इथे चिकटपणाबरोबर पृष्ठताणही न जुळता राहतो, आणि त्याचा धोका उलट्या दिशेने आहे. लहान मॉडेलमध्ये पृष्ठताण भोवऱ्याची नळी तयार होऊ देत नाही. मॉडेलमध्ये पृष्ठभागावर नुसता खळगा दिसतो; खऱ्या संपमध्ये तिथूनच हवा पंपात ओढली जाते, आणि मोटारीच्या अँपिअरचा काटा नाचायला लागतो. म्हणून ठरावीक किमान आकाराच्या खाली संपचं मॉडेल करायचंच नाही असा नियम आहे, आणि शंका असेल तिथे फ्रूडने सांगितलेल्या प्रवाहाच्या दीडपट प्रवाह सोडून भोवरा मुद्दाम चिथावून बघायची रीत आहे. यात काटेकोर शास्त्र नाही, सावधगिरी आहे. पण ती उघडपणे लिहिलेली सावधगिरी असल्यामुळे तिच्यावर विसंबता येतं.

फ्रूड अंकाचा विषय निघाला की जहाजाला टाळून पुढे जाता येत नाही, कारण न जुळणाऱ्या अंकाचा हिशेब कसा मांडायचा हे जगाला जहाजानेच शिकवलं. लहान नमुना पाण्यात ओढून मोठ्या जहाजाचा विरोध सांगता येणार नाही, असं विल्यम फ्रूड यांच्या काळात जाणकार मंडळी ठामपणे म्हणत होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नमुन्याचा विरोध सरळ गुणून मोठा केला तर आकडा चुकतोच. फ्रूड यांनी विरोधाचे दोन भाग केले. लाटा उठवण्यात जाणारा एक आणि पाण्याच्या घर्षणाचा दुसरा. घर्षण त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या सपाट फळ्या ओढून स्वतंत्र मोजलं. १८७१ मध्ये एचएमएस ग्रेहाऊंड हे खरं जहाज दुसऱ्या जहाजाने समुद्रात ओढून त्याचा विरोध मोजला, आणि नमुन्यावरून काढलेला अंदाज त्याच्याशी ताडून पाहिला. अंदाज टिकला. आजही टोइंग टँकमधलं काम याच वाटेने चालतं. विशाखापट्टणमला नौदलाच्या एनएसटीएल प्रयोगशाळेत अशी लांबलचक टाकी आहे.

शंभर मीटर लांबीचं जहाज सेकंदाला दहा मीटर वेगाने जातंय, असं धरू. पंचवीस पटींनी लहान नमुना चार मीटरचा, वेग सेकंदाला दोन मीटर. फ्रूड अंक दोन्हीकडे ०.३२, त्यामुळे लाटांचा नकाशा सारखा. रेनॉल्ड्स अंक मात्र जहाजाचा चौऱ्याऐंशी कोटी आणि नमुन्याचा सत्तर लाख. १९५७ पासून जगभर वापरात असलेल्या सूत्राने, 0.075/(log Re − 2)², घर्षणाचा गुणांक नमुन्यात ०.००३२ येतो आणि जहाजात ०.००१६, म्हणजे निम्मा. नमुन्यावर एकूण गुणांक ०.००५२ मोजला गेला असेल, तर त्यातून नमुन्याचं घर्षण काढून टाकायचं, लाटांचा ०.००२० तसाच ठेवायचा, जहाजाचं घर्षण मिळवायचं आणि खडबडीतपणासाठी ०.०००४ ची भर टाकायची. उत्तर येतं ०.००४०. कोणी न विचार करता ०.००५२ च वापरला असता, तर इंजिन तीस टक्क्यांनी मोठं घेतलं असतं. एक बारकावा इथे दिसतो. लहान नमुन्याच्या नाकाजवळ पाणी शांत थरांनी सरकत राहतं आणि घर्षण सूत्रापेक्षा कमी निघतं. मग वजाबाकीच चुकते. ते होऊ नये म्हणून नमुन्याच्या नाकावर रेतीची पट्टी किंवा बारीक खुंट्यांची रांग चिकटवून प्रवाह जाणूनबुजून खळबळवतात. नमुना जहाजासारखा वागावा म्हणून त्याचा आकार किंचित बिघडवावा लागतो. हुबेहूबपणावर भर देणाऱ्यांनी ही पट्टी एकदा जवळून बघावी.

पंप आणि जहाज यांच्यात एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जहाजात दुरुस्ती मोठी आहे, घर्षण निम्म्यावर येतं, तरी ती नीट समजलेली आहे, कारण तो भाग वेगळा मोजता येतो. पंपात दुरुस्ती दोनच टक्के, पण नुकसानाचा कोणता भाग घर्षणाचा आणि कोणता भोवऱ्यांचा हे मॉडेल आपल्याला वेगळं करून दाखवत नाही. साठ टक्के हा वाटा अनेक यंत्रांच्या अनुभवावरून मान्य केलेला आकडा आहे, आपल्या यंत्राचा मोजलेला नव्हे. लहान दुरुस्ती नेहमी जास्त भरवशाची, असं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या भागात भावनेने घेतला जातो. जुलै २०२२ च्या पुरात याच योजनेचं कन्नेपल्लीचं पंपगृह पाण्याखाली गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडिगड्ड्याच्या बंधाऱ्याचे खांब खचले. मग एवढ्या मॉडेलांचा उपयोग काय झाला? हा प्रश्न मी टाळत नाही, पण त्याचं उत्तर मिती-विश्लेषणातच आहे. ज्या राशी आपण यादीत घातल्या, त्यांच्याबद्दलच मॉडेल बोलतं. इंपेलरच्या मॉडेलच्या यादीत पुराची पातळी नसते आणि पायाखालची वाळूही नसते. वाळूचा कण मॉडेलमध्ये दहा पटींनी बारीक केला, तर तो वाळू राहत नाही, गाळासारखा वागायला लागतो. म्हणून पायाचा आणि खरवडीचा प्रश्न वेगळ्या मॉडेलचा, वेगळ्या अंकांचा आणि बऱ्याच अंशी मॉडेलबाहेरच्या तपासाचा आहे. पंप चाचणीत उत्तीर्ण झाला, यावरून योजना सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढणाऱ्याने मॉडेलला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरलं.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा. संगणकावर प्रवाह सोडवता येतो, आणि तिथे रेनॉल्ड्स अंक खऱ्या पंपाचाच घालता येतो. मग लहान मॉडेलच्या मागे का लागायचं? संगणकाने काम बदललं यात शंका नाही. पात्यांचे वीस आकार आधी संगणकावर तपासून त्यांतले दोन मॉडेलसाठी निवडता येतात. पूर्वी प्रत्येक आकार धातूत घडवावा लागायचा. कार्यक्षमता सर्वोत्तम असते त्या बिंदूभोवती संगणकाचं उत्तर मॉडेलच्या जवळ येतं. पण पाणी कमी केलं की पात्यांमधला प्रवाह सुटतो, हेडची रेषा मध्येच खाली झुकते आणि पुन्हा चढते, आणि त्या वळणात पंप सुरू करताना तो डगमगू शकतो. त्या वळणाची जागा संगणकावर गणिताचं जाळं आणि खळबळीचं प्रारूप बदललं की सरकते. प्रत्यक्ष मॉडेलवर व्हॉल्व्ह बंद करत गेलं की ते वळण एका जागी येतं, आणि व्हॉल्व्ह परत उघडत आलं की थोड्या वेगळ्या जागी. हा फरक मोजता येतो, आणि लक्ष्मीपूरसारख्या ठिकाणी एकाच सर्ज पूलवर अनेक पंप एकापाठोपाठ सुरू करायचे असतात तेव्हा तोच सुरक्षित मर्यादा ठरवतो. शिवाय संगणकाची ती प्रारूपंही शेवटी मोजलेल्या प्रवाहांवरच जुळवलेली असतात, आणि ती मोजमापं बहुतेक मॉडेलच्याच आकारावर झालेली असतात. म्हणजे न जुळणारा अंक तिथेही आहे, फक्त तो दिसेनासा झाला आहे.

या सगळ्यातून निविदा लिहिणाऱ्यांकडे माझी एक मागणी उरते. हमीच्या तक्त्यात आज अनेकदा एकच आकडा असतो, खऱ्या पंपाची कार्यक्षमता, ९३. त्याऐवजी तीन रकाने असावेत: मॉडेलवर मोजलेली कार्यक्षमता आणि तिची अनिश्चितता, रेनॉल्ड्स अंकासाठी घातलेली भर, सूत्र आणि पाण्याच्या तापमानासह, आणि जागेवर मोजून भरायचा तिसरा रकाना, जो पंप चालू होऊन पहिला हंगाम संपेपर्यंत रिकामा ठेवता येईल, पण तक्त्यातून काढता येणार नाही.